ऋतू अंतरामुळे होतात हे उत्तर चूक, पण नेमकं कुठे चूक?

खडूफळा

पेपर तपासताना अडकलोय म्हणून धागा काढतोय. भूगोलाचा प्रश्न होता, 'पृथ्वीवर ऋतू का होतात? कारणे द्या', ३ मार्क. एका मुलाने लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं देतो:

"पृथ्वी सूर्याभोवती लंबवर्तुळाकार कक्षेत फिरते. त्यामुळे तिचे सूर्यापासूनचे अंतर कमी-जास्त होते. ती सूर्याच्या जवळ असते तेव्हा जास्त उष्णता मिळते व उन्हाळा होतो. ती लांब जाते तेव्हा हिवाळा होतो."

मी शून्य दिलं. पोरगं पेपर घेऊन आलं आणि शांतपणे विचारतंय, सर यातलं कुठलं वाक्य चूक आहे ते दाखवा. कक्षा लंबवर्तुळाकार आहे, पुस्तकात आहे. अंतर बदलतं, उपसूर्य अपसूर्य पुस्तकात आहे. जवळ असताना उष्णता जास्त मिळते हेही खरंच आहे. मग मी नेहमीचं अस्त्र काढलं की बाबा उत्तर गोलार्धात उन्हाळा असतो तेव्हाच दक्षिणेत हिवाळा असतो, पृथ्वी एकाच वेळी जवळ आणि लांब कशी असेल? तर म्हणतो, उत्तरेकडचा भाग जवळ झुकला असेल, दक्षिणेकडचा लांब गेला असेल.

उत्तर पाठ असलेल्यांना हा प्रश्न पडत नाही, याला पडला. त्यामुळे 'आस कललेला आहे म्हणून' एवढं सांगून त्याला गप्प करायचं नाहीये, त्याला स्वतःला आकडे मांडून पटेल असं काहीतरी हवंय. कोणी नीट सांगेल का?

अक्षांश

पोरगं हुशार आहे. आधी तारखा घ्या कारण तिथेच पहिली फट पडते. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, ३ ते ५ तारखेच्या आसपास, तेव्हा अंतर साधारण १४ कोटी ७१ लाख किमी. सगळ्यात लांब असते जुलैच्या पहिल्या आठवड्यात, १५ कोटी २१ लाख किमी. म्हणजे उत्तर गोलार्धात ऐन थंडी असते तेव्हा आपण सगळ्यात जवळ आणि उन्हाळा असतो तेव्हा सगळ्यात लांब. त्याने लिहिलेलं शेवटचं वाक्य अर्ध्या पृथ्वीवर सरळ उलटं पडतं.

पण सावध, फक्त एवढ्यावर थांबू नका. दक्षिण गोलार्धातल्या मुलाने हेच उत्तर लिहिलं तर तारखा त्याच्या बाजूने बोलतात, जानेवारीत जवळ आणि जानेवारीतच उन्हाळा. निव्वळ तारखांचा दाखला दिला तर तो म्हणेल माझ्याकडे तर बरोबर जुळतंय. म्हणून दुसरा प्रश्न विचारा जो कुठल्याही गोलार्धात चालतो: अंतर बदलल्याने दिवस मोठा कसा होईल? उन्हाळ्यात सूर्य लवकर उगवतो, उशिरा मावळतो, दुपारी डोक्याच्या जवळ येतो. दिवा जवळ आणला की प्रकाश वाढेल, पण तो खोलीत जास्त वेळ का राहील आणि जास्त उंचावर का दिसेल? अंतरवाल्या उत्तरात याला जागाच नाही. त्याच्या उत्तराप्रमाणे जग चालत असतं तर वर्षभर सगळीकडे दिवस बारा तासांचाच राहिला असता.

उन्हातला_बगळा

मला वाटतं खडूफळा सर, त्या मुलाचं दुसरं उत्तर (झुकल्यामुळे उत्तर भाग जवळ जातो) हेच खरं उत्तर आहे ना? आस २३.५ अंश कललेला आहे त्यामुळे जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो म्हणजे जवळ येतो आणि डिसेंबरमध्ये लांब जातो. आम्हाला शाळेत असंच शिकवलंय आणि सगळ्या आकृत्यांमध्ये पण तसंच दाखवतात, वरचा भाग सूर्याकडे वाकलेला. मग त्याला किमान तोंडी तरी मार्क द्यायला हवेत.

अक्षांश

बगळेबुवा, 'सूर्याकडे झुकतो' इथपर्यंत शंभर टक्के बरोबर. 'म्हणजे जवळ येतो' इथे गाडी घसरली. जवळ येतो हे खोटं नाहीये, पण किती जवळ ते काढून बघा.

४० अंश उत्तर अक्षांशावरची एक जागा धरू. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी. २१ जूनच्या आसपास तिथे दुपारचा सूर्य क्षितिजापासून ७३ अंशांवर चढतो, २१-२२ डिसेंबरला फक्त २६-२७ अंशांवर. या दोन कोनांच्या साइन घेतल्या तर ०.९६ आणि ०.४५, फरक ०.५१. त्याला त्रिज्येने गुणलं की झुकण्यामुळे ती जागा भर दुपारी जूनमध्ये डिसेंबरपेक्षा किती जवळ जाते ते निघतं: सुमारे सव्वातीन हजार किमी.

आता त्याच दोन दिवसांत कक्षेमुळे अख्खी पृथ्वी किती लांब गेली? जवळपास ५० लाख किमी, आणि तेही उलट्या दिशेने. म्हणजे झुकून कमावलं सव्वातीन हजार, कक्षेने नेलं पन्नास लाख. 'जवळ' हेच कारण असतं तर ४० अंश उत्तरेवर जूनमध्ये हिवाळा पडायला हवा होता. त्या पोराला हे दोन आकडे स्वतः काढायला लावा, तो स्वतःच आपलं म्हणणं मागे घेईल.

तिरकस

५० लाख किमी म्हणजे काही थोडं नाही. तुम्ही लोक 'अंतराचा काही संबंध नाही' म्हणून जे झटकून टाकता ते पण पुस्तकी वाक्यच आहे. १४ कोटी ७१ लाख आणि १५ कोटी २१ लाख, अंतरात ३ टक्क्यांवर फरक, वर्ग केला की उन्हाच्या तीव्रतेत जवळजवळ ७ टक्के. सात टक्के! सूर्याची स्वतःची ऊर्जा एखाद्या टक्क्याने बदलली तर हवामानवाले झोपणार नाहीत आणि इथे दरवर्षी सात टक्के वर-खाली होतंय. मग हे सात टक्के जातात कुठे?

रेघोट्या

तिरकस यांच्या प्रश्नाला अक्षांश उत्तर देतीलच, मी आधी आकृतीबद्दल बोलतो कारण मला वाटतं मूळ दुखणं तिथे आहे. मी आकृत्या काढून पोट भरतो, आणि ऋतूंची आकृती म्हटलं की समोरून जे चित्र येतं ते ठरलेलं असतं: काकडीसारखी लांबुळकी कक्षा, मध्ये सूर्य आणि चार बाजूंना चार पृथ्व्या. ते चित्र खरं तर कक्षेकडे बाजूने तिरकं बघितल्याचं असतं, म्हणून वर्तुळ चपटं दिसतं. पण हे कुठे लिहिलेलं नसतं, मूल ते वरून बघितलेलं समजतं आणि मनात पक्कं होतं की पृथ्वी दोन टोकांना खूप लांब आणि दोन कडांना खूप जवळ जाते.

आता खरी कक्षा काढून बघा. कागदावर २० सेंमी लांबीची कक्षा काढली तर तिची रुंदी किती येईल? २० सेंमीला फक्त ०.०३ मिमी कमी. शिसपेन्सिलची रेघच त्याच्या दहापट जाड असते, म्हणजे कंपासने वर्तुळ काढा, काम झालं. फरक दिसतो तो सूर्याच्या जागेत, सूर्य मधोमध न ठेवता केंद्रापासून पावणेदोन मिमीच्या किंचित आत सरकवायचा. कक्षेचा आकार जवळपास वर्तुळच आहे, सूर्य जरासा बाजूला आहे, बस्स. हे चित्र मुलांकडून वर्गात काढून घेतलं की 'लंबवर्तुळ' शब्दाची भीतीच जाते.

आणि हो, त्या काकडीवाल्या चित्रात जवळच्या कडांवर बहुतेक वेळा मार्च आणि सप्टेंबर असतात, लांबच्या टोकांना जून आणि डिसेंबर. म्हणजे चित्र नीट 'वाचलं' तर जून आणि डिसेंबर दोन्ही लांब, दोन्ही थंड! तरी कोणी विचारत नाही.

खडूफळा

रेघोट्या, हे भारी आहे, उद्याच कंपास घेऊन बसवतो सगळ्यांना. आमच्या भिंतीवरच्या तक्त्यात अगदी हीच काकडी आहे.

सौरमाळी

मी थोडं वेगळं विचारतो, विषयाला धरूनच आहे. माझ्याकडे छतावर सोलर पॅनल आहेत, मी उत्तर गोलार्धातच आहे, ॲपमध्ये आकडे बघायचा नाद आहे. आकाश स्वच्छ असताना भर दुपारचा सगळ्यात मोठा आकडा मला उन्हाळ्यात नाही तर थंडीच्या शेवटी शेवटी मिळतो. म्हणजे माझं पॅनल तरी म्हणतंय की जानेवारी-फेब्रुवारीत ऊन जास्त कडक आहे. मग तो मुलगा बरोबर की काय? आणि पॅनलचा कोन किती ठेवावा हेही कोणी सांगितलं तर बरं होईल.

अक्षांश

सौरमाळी, तुमचं पॅनल खोटं बोलत नाहीये, फक्त ते जमीन नाहीये. जमीन आडवी असते, पॅनल तुम्ही सूर्याकडे तोंड करून कललेलं बसवलंय. म्हणजे किरणं तिरपी पडण्याचा जो तोटा जमिनीला हिवाळ्यात होतो तो तुम्ही हाताने भरून काढलाय. तो काढून टाकल्यावर मागे काय उरतं? गार हवेत पॅनल जास्त चांगलं चालतं, ते तापलं की वीज कमी देतं, हा मोठा भाग. आणि जुलैच्या मानाने जानेवारीत सूर्य खरंच जवळ असल्याने ऊन ७ टक्क्यांपर्यंत जास्त तीव्र, हा दुसरा भाग. तिरकस विचारत होते ना सात टक्के कुठे जातात, त्यातले थोडे सौरमाळींच्या ॲपमध्ये जातात.

पण एका क्षणाचा आकडा बघू नका, पूर्ण दिवसाची बेरीज बघा, आणि ती आडव्या पृष्ठभागावरची हवी. ऋतू त्या बेरजेवर ठरतो.

पॅनलच्या कोनासाठी वेगळा धागा काढा, इथे हरवेल.

सौरमाळी

बेरीज बघितली. उन्हाळ्यातली जास्त आहे. पण ढग नसतील तेव्हाच. कोनाचा धागा काढतो.

उन्हातला_बगळा

ओके सव्वातीन हजार किमी वालं समजलं. पण मग झुकल्याने नक्की होतं काय? 'किरणे तिरपी पडतात' हे वाक्य मी पण पाठ केलेलं आहे पण तिरपी पडली म्हणून थंडी का? किरण तर तेच आहे, तेवढंच गरम आहे.

अक्षांश

बरोबर प्रश्न. किरण तेवढंच गरम आहे, फक्त ते पसरतं. ४० अंश उत्तरेवरची तीच जागा ठेवू, नवी जागा घेत नाही.

तिथे मोकळ्या सपाट जमिनीवर एक मीटरची काठी उभी रोवा. २१ जूनला भर दुपारी तिची सावली ३० सेंमी पडेल. तीच काठी, तीच जागा, २२ डिसेंबरला भर दुपारी सावली पडेल २ मीटर, काठीच्या दुप्पट. ही सावली म्हणजेच तिरपेपणाचं माप. आता एक चौरस मीटर जाडीचा उन्हाचा झोत डोळ्यासमोर आणा. जूनमध्ये तो जमिनीवर १.०४ चौरस मीटरवर पडतो, जवळपास तेवढाच. डिसेंबरमध्ये तोच झोत २.२३ चौरस मीटरवर पसरतो. ऊन तेच, वाटेकरी दुप्पट झाले, त्यामुळे जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला निम्म्याहून कमी मिळालं. शिवाय तिरपं किरण हवेतून लांबचा रस्ता कापून येतं, वाटेत आणखी गळती होते, पण तो हिशोब धुळीवर, ढगांवर अवलंबून म्हणून इथे सोडून देतो.

हे झालं भर दुपारचं. आता दिवसाची लांबी. तिथे जूनमधला सगळ्यात मोठा दिवस साधारण १५ तासांचा आणि डिसेंबरमधला सगळ्यात लहान सव्वानऊ तासांचा. म्हणजे हिवाळ्यात दुपारी निम्मं ऊन, आणि तेही जेमतेम सव्वानऊ तास, त्यातही सकाळ-संध्याकाळी सूर्य क्षितिजाला चिकटलेला. सगळ्याची बेरीज केली, हवा नाही असं धरून, तर आडव्या जमिनीला जूनच्या दिवसात डिसेंबरच्या दिवसापेक्षा ३.३ पट ऊर्जा मिळते. आणि यात अजून अंतर धरलेलंच नाही.

अंतर धरलं तर? जूनमध्ये आपण लांब, डिसेंबरमध्ये जवळ, त्यामुळे ३.३ पट कमी होऊन ३.१ पट होतं. बघा गंमत, ज्या अंतराला उत्तरात ऋतूचं कारण म्हटलंय ते उत्तर गोलार्धात ऋतू *पुसायचं* काम करतंय, थोडं का होईना. ४० अंश दक्षिणेला हाच हिशोब केला तर उलट, तिथे ३.५ पट येतो. तिरपेपणा आणि दिवसाची लांबी मिळून तिपटीचा खेळ आहे, अंतर त्यात किंचित मीठ कमी-जास्त करतं.

अजून एक, आस वर्षभर एकाच दिशेला रोखलेला असतो, ध्रुवताऱ्याकडे. तो जूनमध्ये इकडे आणि डिसेंबरमध्ये तिकडे असा डुलत नाही. पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला जाते म्हणून तोच कल आधी सूर्याकडे आणि मग सूर्यापासून उलटा होतो. बऱ्याच जणांच्या डोक्यात डुलणारी पृथ्वी असते.

तिरकस

हे ३.५ वालं पकडलं मी. म्हणजे दक्षिण गोलार्धात उन्हाळ्यात सूर्य जवळ, हिवाळ्यात लांब, दोन्ही कारणं एकाच बाजूने जोर लावतायत. मग दक्षिणेतला उन्हाळा उत्तरेपेक्षा कडक आणि हिवाळा बोचरा हवा. तसा असतो का? नसेल तर तुमचं गणित कुठेतरी गळतंय.

अक्षांश

नसतो, उलट दक्षिण गोलार्धाचं हवामान एकूणात जास्त सौम्य आहे. पण गळतंय ते गणित नाही, उत्तर समुद्रात आहे. दक्षिण गोलार्धाचा पाचातला चार भाग पाणी आहे, उत्तर गोलार्धात पाणी साधारण साठ टक्के. पाणी तापायलाही वेळ घेतं आणि थंड व्हायलाही, त्यामुळे सूर्याने दिलेला जास्तीचा धक्का समुद्र गिळून टाकतो. सात टक्क्यांचा मोठा वाटा तिथे गेला.

यावरून मला सगळ्यात आवडणारा पुरावा. गोलार्ध-बिलार्ध सोडा, *अख्ख्या* पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या हवेचं सरासरी तापमान घ्या. ते वर्षात कधी सगळ्यात जास्त असतं? जुलैच्या आसपास, जानेवारीपेक्षा साधारण ३-४ अंश सेल्सिअसने जास्त. म्हणजे पृथ्वी सूर्यापासून सगळ्यात लांब असते तेव्हाच ती सगळ्यात गरम असते! कारण तेव्हा ऊन उत्तर गोलार्धाच्या मोठ्या जमिनीवर पडत असतं आणि जमीन पटकन तापते. 'जवळ म्हणजे उन्हाळा' याला यापेक्षा सरळ उत्तर मला माहीत नाही.

आणि उरलेला हिशोब वेगात आहे. जवळ असताना पृथ्वी जोरात पळते, लांब असताना रमतगमत जाते. कॅलेंडर घेऊन मोजा, मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत १८६ दिवस होतात, आणि तिथून परत मार्चपर्यंत १७९. म्हणजे दक्षिणेचा उन्हाळी अर्धा तीव्र पण आठवडाभर आखूड. केप्लरच्या नियमाने हे दोन्ही अगदी तंतोतंत फिटतं, ऊन अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतं आणि कक्षेतला ठरावीक कोन कापायला लागणारा वेळ त्याच वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे उत्तरेला तिच्या १८६ दिवसांत वरून जितकी एकूण ऊर्जा मिळते तितकीच दक्षिणेला तिच्या १७९ दिवसांत मिळते.

तिरकस

हं. हे माहीत नव्हतं. तरीपण 'अंतराचा संबंध नाही' असं शिकवू नये यावर मी ठाम आहे. 'पृथ्वीवर आत्ता अंतराचा वाटा लहान आहे' असं शिकवा. मंगळ बघा, त्याचा कल २५ अंश, जवळपास आपल्याइतकाच, पण कक्षा बरीच लांबट. तिथे जवळ आणि लांब यात उन्हाचा फरक ४० टक्क्यांच्या वर जातो. तिथल्या दक्षिण गोलार्धाचा उन्हाळा आखूड आणि चांगलाच तापट असतो, उत्तरेचा लांब आणि मवाळ. मंगळावरच्या मुलाने हे उत्तर लिहिलं असतं तर एक मार्क नक्की दिला असता मी.

अक्षांश

मान्य, आणि 'आत्ता' हा शब्द महत्त्वाचा टाकलात. उपसूर्याची तारीख कायम जानेवारीत राहत नाही, हळूहळू सरकते. साधारण ११ हजार वर्षांपूर्वी पृथ्वी उत्तरेच्या उन्हाळ्यात सूर्याच्या जवळ असायची. तेव्हा उत्तरेकडचा उन्हाळा आतापेक्षा जास्त तापायचा, आणि त्यानंतरची काही हजार वर्षं आजच्या सहारा वाळवंटात तळी आणि गवताळ प्रदेश होते त्यामागे हेच मोठं कारण धरतात. पण तेव्हाही उन्हाळा *होता* तो कलामुळेच, अंतराने त्याला धार लावली. आस अगदी सरळ असता आणि फक्त अंतर बदलत असतं तर काय झालं असतं? सगळ्या पृथ्वीवर एकदमच जानेवारीत किंचित उबदार आणि जुलैमध्ये किंचित गार, सात टक्क्यांना पुरेसा वेळ दिला तरी चार-पाच अंशांचा फरक, आणि समुद्रामुळे तोही बराच दबला असता. दिवस मात्र वर्षभर बारा तासांचे.

सुमेधा_पालक

सगळं वाचलं. माझ्या मुलीची परीक्षा आहे म्हणून घाईत विचारते. तुम्ही म्हणता २१ जूनला सगळ्यात जास्त ऊन, मग उत्तरेकडच्या बहुतेक देशांत सगळ्यात गरम महिना जुलै किंवा ऑगस्ट का असतो? तिने विचारलं आणि मला सांगता येईना. आणि जुलै म्हणजे परत तोच लांबचा महिना, म्हणजे हे अंतर मध्ये येतंय की काय असं तिला वाटतंय.

अक्षांश

नाही, अंतर मध्ये येत नाही, तो योगायोग आहे. हे रोजच्या दिवसासारखंच आहे. ऊन सगळ्यात जास्त बारा-साडेबाराला असतं पण सगळ्यात जास्त तापमान दुपारी दोन-तीनला. कारण बारानंतर ऊन कमी होऊ लागलं तरी येणारी उष्णता अजून जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्तच असते, जमा वाढतच राहते. वर्षाचंही तसंच, २१ जूननंतर दिवस लहान होऊ लागतात पण जमीन आणि समुद्र अजून कमावतच असतात. जमीन लवकर तापते म्हणून खंडाच्या आतल्या भागात उशीर साधारण महिनाभराचा, समुद्रकाठी जास्त. दक्षिण गोलार्धातही तेच, २२ डिसेंबरनंतर जानेवारी-फेब्रुवारी गरम. दोन्हीकडे अयनदिनानंतरच उशीर होतो, म्हणजे कारण कोनाचं आहे. अंतराचा असता तर दोन्हीकडे एकाच महिन्यात शिखर आलं असतं.

पाऊलवाट

मध्येच. हे सगळं ४० अंशांवर ठीक आहे, विषुववृत्तावर काय? तिथे दिवस वर्षभर बारा तासांचाच, दुपारचा सूर्य कधीच ६६ अंशांच्या खाली जात नाही, आणि तो डोक्यावर येतो मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, वर्षातून दोनदा. तिथे उन्हाळा हिवाळा असं काही नसतंच, कोरडे महिने आणि पावसाचे महिने असतात. मग 'आस कललेला म्हणून ऋतू' हे तिथे कसं लावायचं?

अक्षांश

लागतं पण वळसा घेऊन. कलामुळे सूर्य डोक्यावर येण्याची जागा कर्कवृत्त ते मकरवृत्त अशी वर्षभर फिरते, तिच्या मागे-मागे पावसाचा पट्टा सरकतो. म्हणून तिथे ऋतू तापमानाचा नाही, पावसाचा. पण वारे, समुद्र, डोंगर सगळं त्यात येतं, तीन मार्कांच्या उत्तरात ते कोंबू नये.

रेघोट्या

एक सोपा पुरावा राहिला. अंतर खरंच किती बदलतं ते सूर्याच्या आकारावरून दिसतं. सूर्याच्या फोटोसाठी असलेलं योग्य फिल्टर लावून (नुसत्या डोळ्यांनी नाही, दुर्बिणीतून तर अजिबातच नाही), तोच कॅमेरा, तोच झूम ठेवून जानेवारीत आणि जुलैमध्ये सूर्याचा फोटो घ्या, दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. जानेवारीचा सूर्य ३ टक्क्यांनी मोठा दिसतो. शेजारी ठेवल्याशिवाय कळतसुद्धा नाही इतका. मुलांना आधी विचारायचं यातला कुठला फोटो उन्हाळ्यातला? सगळी मोठ्यावर बोट ठेवतात.

खडूफळा

सगळ्यांचे आभार, मला हवं होतं त्यापेक्षा जास्त मिळालं. आता मी असं करणार आहे: त्याला सव्वातीन हजार आणि ५० लाखचा हिशोब घरून करून आणायला सांगणार, आणि वर्गात एक मीटरची काठी रोवून दर महिन्याच्या २१ तारखेला भर दुपारची सावली मोजायची. अंतराने सावली बदलत नाही, ही एक गोष्ट वर्षभरात त्यांना स्वतःच दिसेल.

सुमेधाताई, मुलीला उत्तरात चार गोष्टी एका ओघात लिहायला सांगा: आस कललेला आहे आणि तो एकाच दिशेला राहतो, त्यामुळे परिभ्रमण करताना कधी एक गोलार्ध सूर्याकडे झुकतो कधी दुसरा, झुकलेल्या गोलार्धात किरणं जास्त सरळ पडतात आणि दिवस मोठा असतो म्हणून उन्हाळा, त्याच वेळी दुसऱ्या गोलार्धात उलट. 'जवळ' हा शब्द कुठेही नको.

मार्कांचं मात्र शून्यच ठेवतोय. त्याची पहिली दोन वाक्यं खरी आहेत पण ती या प्रश्नाचं कारण नाहीत, आणि प्रश्न कारणांचा होता.

तिरकस

शून्य अन्याय आहे. परिभ्रमणाचा उल्लेख आहे त्याचा अर्धा तरी द्या.

पाऊलवाट

परिभ्रमण नसतं तर ऋतू झालेच नसते, त्या हिशोबाने अर्धा मार्क बसतो. पण मग आसाचं नाव न घेता कोणीही 'पृथ्वी सूर्याभोवती फिरते' एवढं लिहून अर्धा घेऊन जाईल.

सौरमाळी

कोनाचा धागा काढलाय, अक्षांश जरा तिकडे या. अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.